डीईएस: आखूड किल्लीची गोष्ट

देवगडसारख्या गावातली एखादी पतसंस्थेची शाखा घ्या. ऐन आंब्याच्या हंगामात, काउंटरवर बागायतदारांची रांग असताना, मुख्य कार्यालयाकडे जाणारा व्हीपीएन टनेल उठतच नाही. इंटरनेट चालू, केबल ठीक. राउटरच्या लॉगमध्ये मात्र तीच ओळ पुन्हा पुन्हा: `NO_PROPOSAL_CHOSEN`. कॉन्फिगरेशन उघडले की कारण दिसते:

```
crypto ipsec transform-set SHAKHA esp-3des esp-sha-hmac
```

समोरच्या बाजूने ट्रिपल डीईएस, म्हणजे डीईएस ही माहिती लपवण्याची जुनी पद्धत तीनदा लावणे, स्वीकारणे बंद केले आहे आणि या राउटरला दुसरे काही सांगितलेलेच नाही. ही ओळ तिथे का आली आणि आता का चालत नाही, याचे धागे १९७०च्या दशकात जातात.

अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय मानक संस्थेला बिनलष्करी वापरासाठी एक सांकेतिक पद्धत हवी होती. आयबीएममध्ये होर्स्ट फाइस्टेल यांच्या कामातून ‘ल्युसिफर’ तयार झाले होते आणि त्याच्या एका रूपात १२८ बिटांची किल्ली होती. त्यातूनच घडलेले डीईएस १९७७ मध्ये मानक म्हणून आले, पण ५६ बिटांची किल्ली घेऊन. एनएसए या गुप्तचर संस्थेला तर ४८ बिटच हवे होते. ५६ ही तडजोड. गंमत म्हणजे डीईएसची आतली रचना फार चांगली निघाली. पुढे १९९०च्या सुमारास जगाला कळलेल्या हल्ल्याची तजवीज तिच्यात आधीच केलेली होती. म्हणजे मोडायला सोपा असा एकच भाग उरला, किल्लीची लांबी.

५६ बिटांच्या किल्ल्या साधारण ७२० लाख अब्ज होतात. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७७ मध्येच हिशेब मांडला होता: दहा लाख चिप, प्रत्येक चिप सेकंदाला दहा लाख किल्ल्या तपासणारी, खर्च दोन कोटी डॉलर; एक दिवस पुरेल. तेव्हा हा आकडा अतिशयोक्त वाटला. १९९८ मध्ये ईएफएफ या संस्थेने अडीच लाख डॉलरहून कमी खर्चात खरेच यंत्र बांधले. ते सेकंदाला सुमारे ९० अब्ज किल्ल्या तपासत असे. भागाकार करून पाहा: सगळ्या किल्ल्या संपवायला नऊ दिवसांहून थोडे जास्त. एका जाहीर आव्हानातला संदेश त्याने ५६ तासांत उघडला, कारण योग्य किल्ली पहिल्या चौथाईतच सापडली. योग्य किल्ली ओळखायची कशी? उलगडलेल्या आठ बाइटमध्ये वाचता येण्यासारखी अक्षरे आहेत का, एवढेच चिप बघे. उरलेल्या थोड्या उमेदवारांची नीट तपासणी नंतर.

मग डीईएस दोनदा का लावू नये? किल्ली ११२ बिटांची व्हायला हवी. होत नाही. डीईएस माहिती आठ-आठ बाइटच्या तुकड्यांनी, म्हणजे ब्लॉकांनी लपवते. एखाद्या ब्लॉकचा मूळ मजकूर आणि त्याचे सांकेतिक रूप दोन्ही हाती असले, तर एका टोकाने सर्व किल्ल्यांनी पुढे जायचे, दुसऱ्या टोकाने सर्व किल्ल्यांनी मागे यायचे आणि मधल्या जागी जुळणी शोधायची. साठवणूक अफाट लागते, पण मेहनत फक्त दुप्पट: जेमतेम ५७ बिटांची. म्हणून तिसरा फेरा. याच युक्तीमुळे तीन वेगळ्या किल्ल्यांच्या १६८ बिटांचेही बळ ११२ च मोजतात, पण तेवढे पुरेसे होते. शिवाय क्रम हुशारीने निवडला: लपवा, उलगडा, पुन्हा लपवा. तिन्ही किल्ल्या सारख्याच ठेवल्या की पहिले दोन फेरे एकमेकांना खोडतात आणि उरते साधे डीईएस. त्यामुळे नवे यंत्र जुन्याशी बोलू शके. बँकांना ते सोयीचे होते.

किल्ली लांबली तरी ब्लॉक ६४ बिटांचाच राहिला, आणि शेवट तिथेच झाला. एकाच किल्लीखाली सुमारे ३२ जीबी माहिती गेली की दोन सांकेतिक ब्लॉक योगायोगाने सारखे निघण्याची दाट शक्यता असते. नेहमीच्या सीबीसी पद्धतीत प्रत्येक ब्लॉक लपवण्याआधी मागच्या सांकेतिक ब्लॉकशी मिसळला जातो; तिथे असे झाले की दोन मूळ ब्लॉकांमधला फरक उघड होतो. त्यातला एक माहीत असेल तर दुसरा हाती येतो. किल्लीला हातही लावावा लागत नाही. २०१६ मध्ये भार्गवन आणि लरां यांनी ‘स्वीट३२’ नावाने हे प्रत्यक्ष करून दाखवले. पुढच्याच वर्षी एनआयएसटीने (हीच ती मानक संस्था, नाव बदललेले) एका किल्लीसंचाची मर्यादा ८ एमबीवर आणली.

आपल्या शाखेच्या टनेलमधून सीसीटीव्हीचे २ एमबीपीएस चित्रण जात असेल, तर ८ एमबी अर्ध्या मिनिटात संपतात. राउटर तासाने किल्ली बदलत असला तरी तोवर ९०० एमबी गेलेले असतात. ३२ जीबीपासून ते दूर आहे, म्हणून उद्याच कोणी आत शिरेल असे नाही. मर्यादा मात्र शंभरपटीहून जास्त ओलांडलेली असते.

डीईएसची जागा घेणारे नवे मानक एईएस २००१ पासूनच तयार होते, १२८ बिटांच्या ब्लॉकसह. साधे डीईएस २००५ मध्ये मागे घेतले गेले. ट्रिपल डीईएसने नवी माहिती लपवण्यास अमेरिकी सरकारी वापरात २०२३ अखेर बंदी आली. जुनी साठवलेली माहिती उलगडायला मात्र ते अजून चालते. राउटरमधल्या ओळीत `esp-3des` च्या जागी `esp-aes 256` लिहायला दोन मिनिटे लागतात, पण ती ओळ दोन्ही टोकांना जुळली पाहिजे, आणि फार जुन्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये एईएस असेलच याची खात्री आधी करून घ्यावी लागते.