डनबार आणि केनेडी: ५५२ ओळींची शिवीगाळ आणि त्यामागची दोस्ती

जिवलग मित्रांना एकमेकांची उणीदुणी काढायचं लायसन असतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच शिव्या यमकात बसवून, वृत्त सांभाळून, राजाच्या दरबारासाठी लिहायच्या हा प्रकार स्कॉटलंडमध्ये पाचशे वर्षांपूर्वी रीतसर चालायचा आणि त्याला फ्लायटिंग म्हणायचे. त्यातली सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी, दोघंही राजा चौथ्या जेम्सच्या काळातले कवी. त्यांचं भांडण १५०८ च्या सुमारास एडिनबराच्या चेपमन आणि मायलर यांच्या छापखान्यात छापलं गेलं, आणि स्कॉटलंडमधला हा पहिलाच छापखाना, म्हणजे देशात छपाई आली आणि पहिल्या काही पुस्तकांतच शिव्या आल्या!

सुरुवात बघा कशी होते. डनबार थेट केनेडीला काही बोलतच नाही, तो आपला मित्र सर जॉन द रॉस याला सांगतो की ते दोघं (केनेडी आणि त्याचा साथीदार क्विंटीन) स्वतःची फार तारीफ करून राहिलेत, मी गप्प आहे तोवर ठीक, मी तोंड उघडलं तर समुद्र पेटेल, चंद्राला ग्रहण लागेल, धरणी हादरेल. मग तोंड उघडतोच. केनेडी एडिनबराच्या रस्त्यातून चाललाय, मागे पोरांचा गलका, गावातली सगळी कुत्री टाचांना लागलेली, त्याच्या बुटांच्या खडखडाटाने घोडे बुजतायत, कोळणी छी छी करत टोपल्या टाकून देतायत. शेवटी शेवटी तर एकेका ओळीत तीन-तीन यमकं, वाचताना श्वास पुरत नाही.

केनेडी मागे हटणारा नव्हता, त्याचं उत्तर डनबारपेक्षा लांब आहे. तो डनबारचं खानदान काढतो आणि मग डनबारला बोट कशी लागली, त्याने जहाज कसं घाण केलं हे रंगवून रंगवून सांगतो.

आता एवढं सगळं बोलून झाल्यावर हे दोघं खरंच वैरी होते का यावर अभ्यासकांत वाद आहे, पण मला तरी डनबारचीच दुसरी एक कविता निर्णायक वाटते. मेलेल्या कवींसाठी त्याने एक विलाप लिहिला, तोही त्याच सुमारास छापला गेला, आणि त्यात तो म्हणतो की भला मास्टर वॉल्टर केनेडी मरणाच्या दारात पडलाय, तो गेला तर फार वाईट होईल. सर जॉन द रॉसही त्याच यादीत आहे. आणि क्विंटीन शॉ नावाचा जो कवी आहे तो भांडणातला क्विंटीनच असावा असं मानतात. म्हणजे भांडणाची अख्खी टोळी त्या शोककवितेत आहे.

मग शिव्या लागल्या कशा नाहीत? एक तर त्या इतक्या अचाट आहेत की कुणी खऱ्या मानूच शकत नाही, समुद्र पेटतो तिथे बदनामी कसली. दुसरं म्हणजे दोघांना सारखी पाळी आहे, सारखं वृत्त आहे, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने सोसायचं असा मामला नाही. आणि वैऱ्यासाठी एवढी कारागिरी कोण खर्च करतं? नुसता राग असता तर चार ओळीत काम झालं असतं. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिलं त्यातही असंच काहीसं आहे, काही ठराविक नात्यांत अनादराची मुभा असते आणि रागवायचं नाही हा समोरच्यावरचा नियम असतो.

तरी एका जागी खेळ जवळजवळ मोडतो. केनेडी कॅरिकचा, गेलिक भाषेच्या मुलखातला. डनबार त्याच्या त्या भाषेवर तुटून पडतो, आणि ही थट्टा अचाट नव्हती, स्कॉटलंडच्या सखल भागातले लोक गेलिक बोलणाऱ्यांना खरोखर कमी लेखायचे. इथे केनेडी शिवीला शिवी देऊन थांबत नाही, तो सरळ म्हणतो की सगळ्या खऱ्या स्कॉट लोकांची भाषा हीच असायला हवी. बघितलं तर एवढंच वाक्य त्याने मनापासून उत्तर म्हणून लिहिलंय, कारण इथे वार त्याच्या एकट्यावर नव्हता, घरच्या सगळ्यांवर होता, आणि मैत्रीचं कवच तेवढ्या लांब पोचत नाही.

खेळ पुढेही चालू राहिला. १५८० च्या आसपास सहाव्या जेम्सच्या दरबारात कवी अलेक्झांडर मॉन्टगोमेरीने पोलवर्ट या दुसऱ्या कवीवर असाच हल्ला चढवला, बक्षीस होतं राजाच्या शेकोटीजवळची जागा, आणि १५८४ मध्ये खुद्द राजाने काव्यरचनेच्या नियमांवर पुस्तक काढलं तेव्हा शिव्यांसाठी कुठलं वृत्त वापरावं हे सांगताना उदाहरण म्हणून त्याच भांडणातल्या ओळी घेतल्या.