आर्थिक पद्धती : बाजार, आदेश आणि मिश्र

जमीन, श्रम, यंत्रे आणि कच्चा माल मर्यादित असल्यामुळे कोणत्याही समाजाला तीन गोष्टी ठरवाव्याच लागतात : काय व किती उत्पादन करायचे, ते कोणत्या पद्धतीने करायचे आणि तयार माल कोणाच्या वाट्याला द्यायचा. बाजार अर्थव्यवस्थेत हे निर्णय खासगी मालक व ग्राहक भाव पाहून घेतात. आदेश अर्थव्यवस्थेत, म्हणजे केंद्रीय नियोजनाच्या पद्धतीत, ते सरकारी यंत्रणा घेते. मिश्र अर्थव्यवस्थेत काही निर्णय बाजाराकडे आणि काही शासनाकडे असतात. एवढ्या व्याख्येवरून फरक फारसा कळत नाही. तो उघड होतो टंचाईच्या वेळी. म्हणून एकच काल्पनिक उदाहरण घेऊ : चालू भावाला पोलादाची मागणी 110 लाख टन आहे आणि पुरवठा 100 लाख टन.

बाजारात ही तूट प्रथम भावात दिसते. टनाला 500 असलेला भाव समजा 560 वर गेला. काही बांधकाम व्यावसायिक पोलादाऐवजी काँक्रीटचा वापर वाढवतात, काही कारखाने पातळ पत्रा वापरतात आणि मागणी 6 लाख टनांनी घटते. दुसरीकडे, टनामागे 540 खर्च येत असल्यामुळे बंद पडलेली जुनी भट्टी आता परवडते आणि पुरवठा 4 लाख टनांनी वाढतो. दोन्ही बाजू 104 वर जुळतात. ‘काय’ आणि ‘कसे’ ही दोन उत्तरे कोणी हुकूम न देता मिळाली. ‘कोणासाठी’चे उत्तरही त्यातच आले : जो 560 मोजेल त्याच्यासाठी. रुग्णालयाची इमारत आणि श्रीमंताचा बंगला यांत भाव फरक करत नाही. तो गरज मोजत नाही, खिसा मोजतो. भट्टीच्या धुराने शेजाऱ्यांचे जे नुकसान होते तेही त्या 540 मध्ये धरलेले नसते. शिवाय नवा पोलाद कारखाना उभा राहायला वर्षे लागतात. चढा भाव पाहून अनेकांनी एकाच वेळी कारखाने काढले, तर ते सुरू होईपर्यंत टंचाईची जागा अतिरिक्त मालाने घेतलेली असते.

आदेश अर्थव्यवस्थेचे सर्वांत तपशीलवार उदाहरण सोव्हिएत संघाचे. तेथे 1921 मध्ये ‘गॉसप्लान’ ही नियोजन संस्था स्थापन झाली आणि 1928 पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. प्रत्यक्ष कामाचे साधन होते वस्तूनिहाय ताळेबंद. एका बाजूला त्या वस्तूचे उत्पादन, आयात आणि शिल्लक साठा. दुसऱ्या बाजूला कारखान्यांची गरज, इतर वापर, निर्यात आणि राखीव साठा. भाव हा बहुतांशी हिशेबापुरता असल्यामुळे 10 लाख टनांची तूट भाव वाढवून मिटत नसे. ती कागदावर मिटवावी लागे.

समजा उत्पादनच 10 लाख टनांनी वाढवायचे ठरले. एक टन पोलादाला 0.8 टन कोळसा लागतो असे धरले, तर कोळसा 8 लाख टनांनी वाढवला पाहिजे. शंभर टन कोळशामागे खाणीतील आधार, रूळ व यंत्रे यांसाठी 2 टन पोलाद लागते असे धरले, तर आणखी 16 हजार टन पोलाद हवे, त्यासाठी पुन्हा कोळसा. हे आकडे फेरीगणिक लहान होत जातात, म्हणून गणित सुटणारे आहे. अडचण अशी की वीज, मालडबे, विटा यांचेही स्वतंत्र ताळेबंद असतात आणि एक हलला की बाकीचे हलतात. शेकडो ताळेबंद ठरलेल्या मुदतीत पुन्हा पुन्हा जुळवणे शक्य नसल्याने एक-दोन फेऱ्यांनंतर काम थांबवले जाई. उरलेली तूट मग कच्च्या मालाच्या वापराचे प्रमाण कागदोपत्री कमी करून, किंवा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कारखान्यांचा वाटा छाटून भरून काढत. अवजड उद्योग आणि लष्कर यांना अग्रक्रम असल्यामुळे ‘कोणासाठी’चे उत्तर इथेच बरेचसे ठरून जाई.

पुढची गडबड कारखान्यात होते. लक्ष्य टनांत दिले की पत्रा जाड होतो, चौरस मीटरमध्ये दिले की पातळ. यंदा लक्ष्याच्या फार पुढे गेले तर पुढच्या वर्षीचे लक्ष्य तेवढे चढते, म्हणून व्यवस्थापक क्षमता लपवतो. पुरवठ्याचा भरवसा नसल्याने तो गरजेपेक्षा जास्त कच्चा माल मागतो आणि दडवून ठेवतो. महिन्याच्या सुरुवातीला रेंगाळलेले काम अखेरच्या दहा दिवसांत रेटले जाते. गोदामे भरलेली असूनही सगळीकडे टंचाई असणे, ही या पद्धतीची हमखास ओळखखूण. हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नई यांनी त्यामागचे एक कारण दाखवले : तोटा झाला तरी शासन कारखान्याला सावरून घेते, त्यामुळे मागणीला लगामच राहत नाही.

घरगुती ग्राहकापर्यंत ही तूट रांग, वशिला आणि काळाबाजार या रूपांत पोचते. भाव वाढवणे राजकीयदृष्ट्या महाग पडते. 1962 मध्ये सोव्हिएत सरकारने मांस व लोण्याचे भाव वाढवले तेव्हा नोव्होचेर्कास्क शहरात कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला.

नियोजन नेहमीच फसते असे मात्र नाही. उद्दिष्टे मोजकी आणि सर्वांना मान्य असतील तर ते चालते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 1942 मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबवले आणि पुढच्या वर्षी पोलाद, तांबे व ॲल्युमिनियम या तीन धातूंचे केंद्रीय वाटप सुरू केले. हजारो वस्तूंऐवजी तीनच धातू आवरायचे होते, हे त्या यशाचे मोठे कारण.

आज बहुतेक देशांची व्यवस्था मिश्र आहे. मिश्र म्हणजे दोन टोकांच्या मधोमध नव्हे. कोणता प्रश्न कोणाकडे सोपवला आहे हे पाहावे लागते. सामान्यतः ‘काय’ आणि ‘कसे’ यांचा मोठा भाग बाजाराकडे असतो. धुरावर कर किंवा मर्यादा घालून शासन ‘कसे’ बदलते, तर कर, निवृत्तिवेतन व मोफत शिक्षण यांच्याद्वारे ‘कोणासाठी’ बदलते. उत्पन्नाला हात घालणे आणि भावाला हात घालणे यांतला फरक इथे निर्णायक ठरतो. पोलादाचा भाव 500 वरच गोठवला तर जुनी भट्टी पेटत नाही, 10 लाख टनांची तूट तशीच राहते आणि वाटपाचे काम पुन्हा परवान्यांवर येते.

चीनने 1980 च्या दशकात एकाच मालाला दोन भाव ठेवले. कारखान्याने ठरलेला कोटा सरकारी भावाला द्यायचा आणि त्यावरचा माल बाजारभावाने विकायचा. वरच्या उदाहरणात सांगायचे तर 80 लाख टन 500 ने आणि उरलेले समजा 620 ने. यातली खुबी अशी की जादा टन काढायचा की नाही हे कारखाना 620 पाहून ठरवतो. त्यामुळे उत्पादनाला बाजाराचा संकेत मिळतो आणि सरकारी भावावर अवलंबून असलेले जुने ग्राहकही एकदम बुडत नाहीत. दोष याच फटीत होता. कोट्याच्या कागदाची किंमत टनाला 120 होते. ज्यांच्या हाती तो कागद, ते अधिकारी स्वस्तात उचललेला माल बाजारात विकू लागले. 1988 मध्ये भाव झपाट्याने मोकळे करण्याचा बेत जाहीर होताच महागाईच्या धास्तीने लोकांनी दुकाने रिकामी केली आणि तो बेत मागे घ्यावा लागला. पुढे कोट्यातला हिस्सा हळूहळू आकसत गेला आणि 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक औद्योगिक मालाचे दोन भाव एक झाले. जमीन आणि बँकांचे कर्ज मात्र त्यानंतरही शासनाच्या हातात राहिले.