रस्ता नक्की कोणाचा? पत्राचा पत्ता ठरवण्याची रीत आणि चुकीच्या कार्यालयात गेलेलं पत्र मार्गी लावणं

फाट्यापासून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरची मोरी पहिल्याच मोठ्या पावसात खचते. गावकरी निवेदन लिहितात, सह्या गोळा करतात आणि वर ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी’ असं घालतात. पण रस्त्यांची डागडुजी जिल्हाधिकारी कार्यालय करत नाही. ते निवेदन एका बांधकाम कार्यालयाकडे जातं, तिथून ‘रस्ता आमच्याकडे नाही’ म्हणून दुसरीकडे, आणि तोवर पावसाळा सरतो. पत्रातला मजकूर कितीही चांगला असला तरी पत्ता चुकला की हे असंच होतं. म्हणून आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावं आणि मगच पेन उचलावं.

महाराष्ट्रात रस्त्याच्या दर्जावरून त्याचा मालक ठरतो. राज्यमार्ग, प्रमुख राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्य शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावठाणातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायत पाहते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे असले तरी काहींची देखभाल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करतं, तर काहींची सार्वजनिक बांधकाम खात्यातलेच, पण वेगळे राष्ट्रीय महामार्ग विभाग करतात. नगरपरिषदेच्या हद्दीत शिरलेला रस्ता आपोआप नगरपरिषदेचा होतो असंही नाही. शहरातून जाणारा राज्यमार्ग अनेकदा बांधकाम खात्याकडेच राहतो.

दर्जा ओळखण्याची पहिली खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. पण दगडावर पूर्ण भिस्त ठेवू नका. शासन निर्णय काढून रस्त्याची दर्जोन्नती होते, म्हणजे इतर जिल्हा मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग होतो आणि जिल्हा परिषदेकडून बांधकाम खात्याकडे जातो. दगड मात्र जुनाच उभा असतो. सर्वात जास्त पत्रं अशाच रस्त्यांची रखडतात, कारण एक कार्यालय म्हणतं ‘आम्ही दिला’ आणि दुसरं म्हणतं ‘आम्हाला अजून मिळाला नाही’. म्हणून बांधकाम उपविभागात किंवा पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि सध्याचा दर्जा विचारावा. रस्ते विकास योजनेच्या यादीत तो असतो. दर्जोन्नती झाली असल्याचं कळलं, तर त्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीखही टिपून घ्यावी.

आता वरच्या मोरीचंच उदाहरण घेऊ. समजा फाट्यावरचा मुख्य रस्ता राज्यमार्ग आहे आणि तिथून गावापर्यंतचा अडीच किलोमीटरचा तुकडा ग्रामीण मार्ग आहे. मोरी फाट्यापासून एक किलोमीटर चारशे मीटरवर आहे, म्हणजे राज्यमार्ग पाहणाऱ्या कार्यालयाचा इथे संबंध नाही. ग्रामीण मार्ग म्हणून हात जिल्हा परिषदेकडे वळतो. पण फाट्यावर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक आहे आणि त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख मार्च २०२३ आहे. या योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते आणि ती करून घेणं योजनेच्या जिल्ह्यातल्या कार्यकारी अभियंत्यांचं काम असतं. म्हणजे मार्च २०२८ पर्यंत पत्र त्यांनाच जायला हवं. फलकावर २०१७ असतं, तर तेच पत्र जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला लिहावं लागलं असतं. एका तारखेने पत्ता बदलतो, तेव्हा फलकाचा फोटो काढून पत्राला जोडाच.

कार्यालय सापडलं की अधिकारी ठरवायचा. जागेवर येऊन पाहणी करणं आणि अंदाजपत्रक तयार करणं हे उपअभियंता आणि त्यांच्या हाताखालचे शाखा अभियंता करतात. ठेकेदाराला नोटीस देणं, काम मंजुरीला लावणं हे कार्यकारी अभियंत्यांच्या पातळीवर होतं. त्यामुळे ‘प्रति’ खाली कार्यकारी अभियंता आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून उपअभियंता, हा क्रम बरा पडतो. काही जिल्हा परिषदांत बांधकामाचे उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम असे दोन विभाग असतात. तुमचा तालुका कोणत्या विभागात येतो ते विचारून घ्या. अधिकाऱ्याचं नाव घालू नका, पदनामच लिहा. बदली झाली तरी पत्र त्या टेबलावर पोचतं. ‘प्रति’ खाली पाच पदं लिहिण्याचा मोहही टाळा, कारण मग प्रत्येकाला वाटतं की कार्यवाही दुसरा करील.

पत्रात रस्त्याचा क्रमांक, ‘कि.मी. १/४०० येथील मोरी’ अशी नेमकी जागा आणि नुकसान कधी झालं ते लिहावं. सोबत फोटो आणि फलकाचा फोटो पुरे. निवेदन कोणीही देऊ शकतो; ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन वाढतं, पण तो सक्तीचा नाही. पत्राच्या दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नका.

इतकं करूनही पत्र चुकीच्या दारात गेलं, तर ते नीट पुढे जाण्याची रीत अशी असते: कार्यालय ‘विषय या कार्यालयाशी संबंधित नाही, नियमोचित कार्यवाहीस्तव पाठवण्यात येत आहे’ असं लिहून ते योग्य कार्यालयाकडे पाठवतं आणि त्याची प्रत अर्जदाराला देतं. ती प्रत आली नाही, तर आपला आवक क्रमांक घेऊन आवक-जावक लिपिकाकडे जा आणि पत्र कोणत्या शाखेकडे गेलं, पुढे पाठवलं असल्यास जावक क्रमांक काय, ते विचारा. जावक क्रमांक मिळाला तर तोच घेऊन पुढच्या कार्यालयात पत्र शोधता येतं. तो नसेल, तर बहुधा पत्र ‘दप्तरी दाखल’ झालेलं असतं. मग वाट पाहण्यात अर्थ नाही. योग्य अधिकाऱ्याला नवं पत्र द्या, ‘संदर्भ’ मध्ये जुन्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक लिहा आणि जुनी प्रत जोडा. पहिली तक्रार कधी केली होती याची नोंद त्यामुळे टिकते.

दोन्ही कार्यालयं हात झटकत असतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज कामी येतो. साध्या पत्राला नसलेलं कायद्याचं बळ त्याच्या मागे आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे हस्तांतरित करून अर्जदाराला तसं कळवावं लागतं. नवं शुल्क द्यावं लागत नाही. अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. त्यात तक्रार मांडू नका, नोंदी मागा: ‘अमुक फाटा ते अमुक गाव या रस्त्याचा क्रमांक, सध्याचा दर्जा, देखभाल करणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि हस्तांतरण झालं असल्यास त्या पत्राची प्रत मिळावी.’ या उत्तराची प्रत पुढच्या निवेदनाला जोडली की ‘आमच्याकडे नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

‘आपण संबंधित कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा’ असं सांगून अर्ज परत आला, तर ते कलम ६(३) ला धरून नाही. ते उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अपील करता येतं.