स्वतःच्या गरजेसाठी ताबा (मराठवाडा)

भाड्याने दिलेली जागा मालकाला स्वतःला वापरायची असल्याच्या कारणावरून भाडेकरूकडून परत मागण्याचा कायदेशीर आधार. न्यायालयीन मराठीत याला ‘वाजवी व प्रामाणिक गरज’ म्हणतात. जालना, परभणी, लातूरकडच्या कचेऱ्यांत मात्र पक्षकार आणि वकील दोघेही सर्रास ‘बोनाफाईड’ एवढेच म्हणतात. या भागात भाडेकरूला किरायेदार आणि भाड्याला किराया म्हणण्याची रीत असल्याने जुन्या किरायेनाम्यांत व जबाबांत तेच शब्द भेटतात. सध्या हा आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १६(१)(जी) मध्ये आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

उगम. मराठवाड्यातील या आधाराची वंशावळ उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा निराळी आहे. जुने निकाल वाचताना हे ध्यानात ठेवले नाही तर गल्लत होते. निजामी राजवटीत युद्धकाळात घरभाड्यावर नियंत्रण आले. फसली १३५३ चा, म्हणजे इ. स. १९४३-४४ च्या सुमाराचा भाडेनियंत्रण आदेश हा त्याचा आरंभ मानला जातो. पुढे हैदराबाद राज्याने १९५४ मध्ये घरांचे भाडे, निष्कासन व पट्टा यांसंबंधी स्वतंत्र कायदा केला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी इथे हैदराबादचाच कायदा चालू राहिला. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा या जिल्ह्यांना लागू झाला नाही. विदर्भात तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश होता. हे तिन्ही प्रवाह १९९९ च्या कायद्याने एकत्र आणले.

‘वाजवी व प्रामाणिक’ ही शब्दजोडी कुठून आली, याबद्दल मतभेद आहेत. काही जण तिचे मूळ मुंबईच्या १९१८ च्या युद्धकालीन भाडे कायद्यात व त्यामागच्या ब्रिटिश कायद्यांत शोधतात. काही जण हैदराबादच्या तरतुदीकडेही त्याच वाटेने पाहतात. परंतु हैदराबाद कायद्याचा घाट मद्रास प्रांतातील भाडेकायद्यांच्या अधिक जवळचा दिसतो. त्यात मालकाची त्या शहरात स्वतःच्या ताब्यातील दुसरी जागा आहे की नाही, हा प्रश्न आधी येई, आणि अर्ज भाडे नियंत्रकापुढे, म्हणजे महसुली अधिकाऱ्यापुढे चाले. आता रोख गरज आणि अडचण यांच्या तुलनेवर आहे, आणि दावा दिवाणी न्यायालयात चालतो. म्हणून २००० पूर्वीचा मराठवाड्यातील निकाल आजच्या दाव्यात दाखवताना तो कोणत्या कायद्याखालचा आहे, हे आधी तपासावे लागते. तेव्हा प्रलंबित असलेली प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याखाली पूर्ण झाली.

काय सिद्ध करावे लागते. गरज असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ‘प्रामाणिक’ म्हणजे मनात दुसरा हेतू नसणे. ‘वाजवी’ म्हणजे ती गरज नुसती इच्छा नसून परिस्थितीतून उभी राहिलेली असणे. सर्वोच्च न्यायालयाने बेगा बेगम खटल्यात (१९७९) इच्छा आणि गरज यांतला हा फरक मांडला. शिवसरूप गुप्ता खटल्यात (१९९९) न्यायाधीशाने स्वतःला मालकाच्या जागी ठेवून गरज खरी, मनापासूनची आहे का ते पाहावे, असे म्हटले. मालकाने आपल्या घरात कसे राहावे किंवा कोणता धंदा करावा, हे भाडेकरूने ठरवायचे नसते, हेही सूत्र आता स्थिर झाले आहे. गरज ‘स्वतःसाठी’ असे शब्द असले तरी त्यात मालकावर अवलंबून असलेले कुटुंबीय येतात, विशेषतः धंदा सुरू करू पाहणारा मुलगा किंवा मुलगी.

गरज सिद्ध झाली तरी काम संपत नाही. कलम १६(२) प्रमाणे हुकूमनामा दिल्याने होणारी अडचण तो नाकारल्याने होणाऱ्या अडचणीपेक्षा मोठी असेल, तर ताबा मिळत नाही. दोघांपैकी कोणाला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे का, हे इथे पाहतात. अडचणीचा पुरावा आधी कोणी द्यायचा, यावर निकालांचा सूर एकसारखा नाही. दोघांनीही आपापली बाजू पुराव्याने मांडावी हे मत अधिक रास्त वाटते, कारण भाडेकरूने दुसरी जागा शोधली की नाही हे फक्त त्यालाच ठाऊक असते. जागेचा काही भाग दिल्याने कोणाचीही अडचण होणार नसेल, तर न्यायालय तेवढ्याच भागाचा हुकूमनामा देते.

एक प्रकरण. पुढील उदाहरण रचलेले आहे. त्यातील मुद्दे मात्र प्रत्यक्ष दाव्यांत नेहमी येणारे आहेत. मोंढ्याजवळ एका मालकाचे जुने घर आहे आणि रस्त्याच्या बाजूला दोन दुकाने आहेत. मोठे दुकान १४ फूट खोल व ९ फूट रुंद, म्हणजे १२६ चौरस फूट. त्यात वीस वर्षांपासून कापडाचा किरायेदार आहे. लहान दुकान १० बाय ८ चे, मालकाच्याच ताब्यात आणि रिकामे. मुलाने औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली, परिषदेकडे नोंदणी केली, आणि त्याला मेडिकल काढायचे आहे.

भाडेकरूचा पहिला वार लहान दुकानावर येतो: रिकामी जागा असताना ही कसली गरज? इथे उत्तर मोजमापात आहे. औषधांच्या किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी नियमाप्रमाणे किमान १० चौरस मीटर जागा लागते. लहान दुकान ८० चौरस फुटांचे, म्हणजे साधारण ७.४ चौरस मीटर आहे. त्यात परवानाच मिळत नाही. मोठे ११.७ चौरस मीटर भरते. त्याच हिशेबाने आंशिक हुकूमनाम्याचा मार्गही बंद होतो, कारण मोठ्या दुकानाच्या रुंदीतून दोन फुटांची पट्टी किरायेदाराला सोडली तरी उरलेली जागा ९.१ चौरस मीटरवर येते. एक पडदी टाकून दोघांची सोय करण्याचा तोडगा या दुकानात बसत नाही.

मात्र हे सगळे दावापत्रात लिहिलेले असावे लागते. ‘वादीचे कुटुंब मोठे असून त्यास जागेची नितांत आवश्यकता आहे’ एवढ्या एका ओळीवर कितीतरी दावे कोसळले आहेत. मुलाचे नाव व शिक्षण, कोणता धंदा, दोन्ही दुकानांची मापे, लहान दुकान का पुरत नाही, ताब्यात इतर कोणत्या जागा आहेत, हे आधी मांडले तरच पुढे त्यावर पुरावा देता येतो. रिकामे दुकान दावापत्रात लपवले आणि ते उलटतपासणीत बाहेर आले, तर मापे कितीही बरोबर असली तरी प्रामाणिकपणाच उरत नाही. या दाव्यातली सर्वांत महागडी चूक हीच आहे.

कागदांत नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, नगरपालिकेचा कर आकारणीचा उतारा, मुलाचे पदविका प्रमाणपत्र आणि नोंदणी दाखल होते. मापाबद्दल वाद असेल तर कोर्ट कमिशनर नेमून घेता येतो. तो टेप घेऊन दुकानात येतो तेव्हा भिंतीला टेकलेली फळ्यांची मांडणी आड येते, आणि फळीच्या पुढच्या कडेपासून माप घेतले की दीड फूट सहज कमी भरते. माप भिंतीपासून भिंतीपर्यंत घेतले आहे ना, हे दोन्ही पक्षांनी तिथेच पाहून पंचनाम्यात लिहून घेतलेले बरे.

साक्ष मालकाने स्वतः द्यावी. मुखत्यारपत्रावर दुसऱ्याने दिलेली साक्ष मालकाच्या मनातील हेतूपर्यंत पोचत नाही. मुलाने पिंजऱ्यात आलेच पाहिजे असा नियम नाही, पण धंदा ज्याला करायचा आहे तोच गप्प राहिला तर शंका राहते. उलटतपासणीत ठरलेला प्रश्न असतो: दाव्याच्या आधी किराया वाढवून मागितला होता का? मागितला असेल तर ते मान्य करावे. किराया वाढवून मागणे म्हणजे गरज खोटी, असे होत नाही. पण ‘किराया वाढवा नाहीतर खाली करा’ अशा मजकुराची नोटीस असेल तर ती सावरणे फार कठीण असते. या आधारावर दावा लावण्यापूर्वी भाडेपट्टा संपवण्याची वेगळी नोटीस लागत नाही, हे १९७९ पासून ठरलेले आहे. लोक ती तरी पाठवतात, आणि घाईने लिहिलेली अशी नोटीस बहुधा मालकालाच नडते.

किरायेदाराच्या बाजूने वीस वर्षांचे गिऱ्हाईक हा खरा मुद्दा आहे, आणि तो हलका समजू नये. पण त्याने मोंढ्याच्या आसपास किती जागा पाहिल्या, काय पागडी सांगितली गेली, दुसरे दुकान स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर आहे का, हे त्याने सांगितलेच नाही, तर अडचणीचे पारडे त्याच्याकडे झुकत नाही.

दाव्यादरम्यानचे बदल. असे दावे वर्षानुवर्षे चालतात. मुलाने मध्ये पुण्याला नोकरी धरली तर काय? गरज दाव्याच्या दिवसापासून अपिलाच्या निकालापर्यंत टिकली पाहिजे, असा एक प्रवाह १९८१ च्या निकालापासून आहे. २००१ च्या निकालाने दाव्याचा दिवस निर्णायक मानला आणि गरज पार पुसून टाकणारी घटनाच विचारात घ्यावी असे म्हटले. दुसरा दृष्टिकोन न्यायाच्या अधिक जवळ जाणारा दिसतो. ताबा मिळेपर्यंत तरुण मुलाने हातावर हात ठेवून बसावे अशी अपेक्षा करता येत नाही.

मंच व अपील. दावा सामान्यतः दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे दाखल होतो. त्यावर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील असते. त्यापुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे पुनरीक्षण अर्ज जातो. कायदा लागू नसलेल्या गावांत गरज सिद्ध करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोटीस देऊन ताबा मागतात.

ताबा मिळाल्यानंतर. कलम १७ नुसार मालकाने ताबा घेतल्यापासून एका महिन्यात जागा वापरात आणली नाही, किंवा एका वर्षात ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. वरच्या उदाहरणात औषधविक्रीचा परवाना एका महिन्यात हाती येईलच असे नाही. म्हणून ताबा मिळाल्याबरोबर फर्निचरचे काम सुरू करणे, वीजजोडणी नावावर करून घेणे आणि परवान्याच्या अर्जाची पोच जपून ठेवणे, ही जागा खरोखर वापरात घेतल्याची खूण ठरते.