कमिटमधली किल्ली पुसली म्हणजे गेली का?

२४ मार्च २०२३, शुक्रवार, आपल्याकडे सकाळचे साधारण साडेदहा. जगभरातल्या प्रोग्रामरांनी नेहमीसारखं गिटहबवरून कोड खेचायला कमांड मारली आणि बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात हे आलं:

```
WARNING: REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED!
```

हा मेसेज म्हणजे ज्या सर्व्हरशी तुम्ही रोज बोलता तो आज वेगळीच ओळख सांगतोय, मध्ये कोणीतरी बसून ऐकत असेल. पण मध्ये कोणी बसलेलं नव्हतं, गिटहबनेच आपली ओळख पटवणारी खाजगी आरएसए की बदलली होती, कारण ती त्यांच्याकडूनच थोड्या वेळासाठी एका पब्लिक रेपॉझिटरीमध्ये, म्हणजे कोणालाही बघता येणाऱ्या कोडच्या साठ्यात, पडली होती. त्या किल्लीने गिटहबच्या सर्व्हरमध्ये घुसता आलं नसतं किंवा लोकांचा डेटाही मिळाला नसता, पण मी गिटहबच आहे असं सोंग मात्र घेता आलं असतं. गैरवापर झाल्याचं काही दिसत नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरी किल्ली बदलली, आणि त्यापायी जगभर लोकांना त्रास होणार हे माहीत असूनही बदलली.

आता जगातल्या कोट्यवधी गिट रेपॉझिटऱ्या ज्यांच्याकडे आहेत, त्या लोकांना 'फाइल डिलीट करू, झालं' एवढं पुरेसं वाटलं नाही. आणि आपल्याकडे मात्र पासवर्ड चुकून कमिट झाला, म्हणजे कोडच्या इतिहासात नोंदला गेला, की पहिली प्रतिक्रिया काय, तर ती ओळ काढायची, removed key असा मेसेज टाकून नवीन कमिट करायचं आणि चहाला जायचं. हा मेसेज म्हणजे तर चोराला पत्ताच देणं झालं, कारण गिटहबवर असे मेसेज सर्च करता येतात.

तर ओळ काढून का भागत नाही, हे समजायला गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, आत काय ठेवतं ते बघावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हाच भाग मला सगळ्यात आवडतो त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं तेव्हा एक साधी गोष्ट ठरवली, की कुठलीही वस्तू तिच्या नावाने ठेवायची नाही, तिच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने ठेवायची. हा आकडा शा-१ नावाच्या गणिती कृतीतून निघतो आणि ४० अक्षरांचा दिसतो. तुमच्या मशिनवर गिट असेल तर हे करून बघा:

```
echo 'hello' | git hash-object --stdin
ce013625030ba8dba906f756967f9e9ca394464a
```

तुमच्याकडे, माझ्याकडे, टोकियोत कोणाकडेही, उत्तर हेच येणार. (लिनक्स किंवा मॅक असेल तर, विंडोजचा स्वतःचा प्रॉम्प्ट ती अवतरणचिन्हं पण मजकुरात घेतो.) गिट गुपचूप मजकुराच्या आधी blob 6 आणि एक शून्य बाइट लावतं, सहा म्हणजे पाच अक्षरं अधिक ओळीच्या शेवटचा एंटर, आणि मग त्या सगळ्याचा आकडा काढतं. एक अक्षर बदललं की आकडा पूर्ण वेगळा. ही झाली फाइलच्या मजकुराची वस्तू, तिला ब्लॉब म्हणतात. कुठल्या फोल्डरमध्ये कुठली फाइल आणि तिचा ब्लॉब कोणता याची यादी म्हणजे ट्री, तिचाही आकडा निघतो. आणि कमिट म्हणजे छोटासा मजकूर, ज्यात ट्रीचा आकडा, आधीच्या कमिटचा म्हणजे पेरेंटचा आकडा, कोणी केलं, कधी केलं आणि मेसेज असतो. याचाही आकडा काढला की तो झाला कमिटचा नंबर.

आता एक उदाहरण घेऊ. चार कमिट आहेत, अ ब क ड. अ मध्ये फक्त रीडमी. ब मध्ये config.py आली आणि तिच्यात ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली. क मध्ये रीडमीतलं स्पेलिंग दुरुस्त केलं. ड मध्ये किल्ली लक्षात आली म्हणून ती ओळ काढली. ड च्या ट्रीमध्ये config.py चा नवीन ब्लॉब आहे, बरोबर, पण ब आणि क ची ट्री अजून जुन्याच ब्लॉबकडे बोट दाखवतेय आणि तो ब्लॉब जसाच्या तसा जागेवर आहे. गिटने काही पुसलंच नाही, त्याने एक नवीन वस्तू शेजारी ठेवली. हे शोधायचं असेल तर:

```
git log -S 'AKIAIOSFODNN7EXAMPLE' --oneline --all
```

(ही किल्ली ॲमेझॉनने नमुना म्हणून छापलेली आहे, उगाच लावून बघू नका.) यात ब आणि ड दिसतील पण क दिसणार नाही, कारण ही कमांड तो मजकूर कुठे आला आणि कुठे गेला एवढंच सांगते, मधल्या सगळ्या कमिटमध्ये तो बसलेला असतोच.

मग इतिहासच बदलू म्हटलं तर काय होतं? ब मधला ब्लॉब बदलला की ट्रीचा आकडा बदलला, म्हणून ब चा नंबर बदलला, क च्या पोटात पेरेंट म्हणून ब चा नंबर होता त्यामुळे क बदलला, आणि तसाच ड. म्हणजे एका ओळीसाठी तिथून पुढचे सगळे कमिट नवीन जन्माला येतात, मग ते तीन असोत की तीस हजार. आणि जुने ब क ड? ते मरत नाहीत, त्यांच्याकडे आता कुठली ब्रँच बोट दाखवत नाही एवढंच. (ब्लॉकचेन म्हणजे 'कोणीही बदलू न शकणारी नोंद' असं सांगून कोर्स विकणारे जे लोक आहेत, त्यांच्या त्या साखळीच्या मुळाशी हीच युक्ती आहे. साखळी बदलता येते हो, फक्त बदलली की कळतं. न बदलणं हे बाकीच्या लोकांकडे जुन्या प्रती असण्यामुळे येतं, गणितातल्या जादूमुळे नाही.)

आणि जुन्या प्रती हीच आपली अडचण. तुमच्या मशिनवर गिट रेफलॉग नावाची डायरी ठेवतं, तिच्यातल्या नोंदी नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० ते ९० दिवस टिकतात आणि तोवर जुने कमिट साफ होत नाहीत. गिटहबवर फोर्स-पुश केलं, म्हणजे तिथला इतिहास जबरदस्तीने नव्याने बदलला, तरी जुना कमिट त्याच्या नंबरने उघडता येतो. पुल रिक्वेस्ट केलेली असेल तर तिचा स्वतंत्र संदर्भ सर्व्हरवर असतो, तो तुम्हाला बदलता येत नाही, सपोर्टला सांगून काढून घ्यावा लागतो. फोर्कचं, म्हणजे दुसऱ्याने गिटहबवर काढलेल्या रेपोच्या प्रतीचं, तर विचारूच नका, मूळ रेपो आणि त्याचे फोर्क हे एकाच कोठारातून वस्तू वापरतात, त्यामुळे एकातून गेलेलं दुसऱ्यातून दिसू शकतं. २०२४ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या कंपनीने हे उघड करून दाखवलं, वर असंही दाखवलं की गिटहबच्या पत्त्यात ४० च्या ४० अक्षरं लागत नाहीत, पहिली चार पण चालून जातात. प्रत्येक अक्षर ० ते ९ आणि a ते f या सोळांपैकी एक, म्हणजे चार अक्षरांना सोळाचा चौथा घात, ६५,५३६ शक्यता, कॉम्प्युटरला तेवढे सगळे पत्ते ठोठावून बघणं अवघड नाही.

शिवाय वेळ. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की किल्ली पब्लिक झाल्यापासून त्यांच्या प्रोग्रामला सापडायला मधला वेळ २० सेकंदांचा होता. शोधायला सोपं का, तर ॲमेझॉनच्या कायमस्वरूपी किल्लीचा ओळख-क्रमांक AKIA ने सुरू होतो आणि गिटहबचं क्लासिक वैयक्तिक टोकन ghp_ ने, म्हणजे नुसता पॅटर्न लावला की झालं. ही सोय खरं तर चांगल्या लोकांच्या स्कॅनरसाठी आहे, पण वाईट लोकांनाही तोच पॅटर्न चालतो.

रेपो प्रायव्हेट आहे मग काय, असं म्हणणाऱ्यांनी उबर आठवावं. २०१६ मध्ये हल्लेखोर त्यांच्या इंजिनियरांच्या प्रायव्हेट रेपोमध्ये शिरले, तिथे ॲमेझॉनची किल्ली होती, आणि तिच्यावरून सुमारे ५.७ कोटी लोकांची माहिती गेली.

म्हणून क्रम असा की आधी किल्ली निकामी करा, इतिहासाचं नंतर बघू. घराच्या चावीची झेरॉक्स कोणी काढली असेल तर आपण झेरॉक्सवाला शोधत बसत नाही, कुलूप बदलतो.

ॲमेझॉनच्या बाबतीत हे कसं, तर एका युजरला एका वेळी दोन ॲक्सेस की ठेवता येतात आणि ही दोनची सोय याच कामासाठी आहे. नवीन काढा, ॲप्लिकेशनमध्ये घाला, चालतंय का बघा, मग जुनी बंद करा:

```
aws iam update-access-key --user-name deploy \
  --access-key-id AKIAIOSFODNN7EXAMPLE --status Inactive
```

लगेच डिलीट न करता आधी बंद करायची, कारण कुठल्यातरी कोपऱ्यातला रात्रीचा बॅकअप जॉब जुनीच वापरत असतो आणि तो बोंबलला की परत चालू करता येते. हा निवांत क्रम नेहमीच्या बदलासाठी. किल्ली पब्लिक रेपोत दिसली असेल तर उलटं करा, आधी बंद, मग नवीन, साइट दहा मिनिटं पडली तर पडू द्या, कारण त्या दहा मिनिटांत कोणीतरी तुमच्या बिलावर महागडे सर्व्हर लावून क्रिप्टो खणायला बसलेला असू शकतो.

आणि इथे एक खाच आहे. चोराने त्या किल्लीवरून आधीच तात्पुरतं सेशन टोकन काढून ठेवलं असेल तर मूळ किल्ली बंद करूनही ते टोकन मुदत संपेपर्यंत चालू शकतं, आणि ती मुदत ३६ तासांपर्यंत असू शकते. त्यामुळे त्या युजरवर सगळं नाकारणारी पॉलिसी लावायची, आणि क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे खात्यात कोणी काय केलं याच्या ॲमेझॉनच्या नोंदवहीत, तिथे मागचे ९० दिवस दिसतात, CreateUser आणि CreateAccessKey शोधायचं, म्हणजे त्याने स्वतःसाठी मागचं दार करून ठेवलंय का ते कळतं. पण क्लाउडट्रेल सगळे प्रदेश एकत्र दाखवत नाही, तुम्ही मुंबई उघडून बसाल आणि सर्व्हर लागले असतील साओ पाउलोत, म्हणून प्रत्येक प्रदेश बदलून बघावं लागतं.

एवढं झालं की माझ्या मते बऱ्याचदा इतिहास साफ करायची गरजच उरत नाही, मेलेली किल्ली पडून राहिली तर राहू दे, सगळ्या टीमचे कमिट नंबर बदलण्याचा खटाटोप त्यापेक्षा महाग पडतो. अपवाद म्हणजे बदलता न येणारी गोष्ट, ग्राहकांचे आधार नंबर, फोन नंबर, पेशंटचे रिपोर्ट. त्यांना रोटेशन, म्हणजे जुनी बंद करून नवीन काढणं, नाही, तिथे इतिहास खरवडावाच लागतो. त्यासाठी git filter-repo ची नवीन आवृत्ती, ताजा क्लोन म्हणजे सर्व्हरवरून नव्याने घेतलेली रेपोची प्रत, आणि काय बदलायचं याची एक फाइल, ही क्लोनच्या बाहेर ठेवा, नाहीतर तीच कमिट व्हायची:

```
git filter-repo --sensitive-data-removal --replace-text ../badla.txt
git push --force --mirror origin
```

badla.txt मध्ये एका ओळीत जुना मजकूर, मग ==> आणि नवीन मजकूर. पुश करताना refs/pull वाले संदर्भ नाकारले गेल्याचं दिसेल, ते अपेक्षितच आहे, तेच सपोर्टला कळवायचे.

आणि टीममधल्या प्रत्येकाला जुना क्लोन उडवून नवीन घ्यायला सांगा. कारण सुट्टीवरून आलेल्या एकाने जुन्या क्लोनमध्ये नेहमीसारखं पुल केलं, मर्जचा पर्याय घेतला, गिटने दोन्ही इतिहास मर्ज केले आणि त्याने पुश केलं, की जुने ब क ड सगळे परत सर्व्हरवर. तसं झालंय का हे बघायला वरची git log -S वालीच कमांड, किल्लीच्या जागी तो काढलेला मजकूर घालून, आठवडाभराने ताज्या क्लोनवर परत चालवायची, काही छापून आलं नाही म्हणजे तुमच्या ब्रँचेसमधून तरी ते गेलं.