सहा किलो उतरले, भूक मात्र चढली

माझा मावसभाऊ मालवणला बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दिवसभर खुर्चीत बसून काम. गेल्या जूनमध्ये त्याने रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली, आणि दिवाळीपर्यंत ८२ किलोंवरून ७६ वर आला. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग एके दिवशी जेवताना हळूच म्हणाला, "पोट भरता, पण मन भरणा नाय."

घरच्यांनी याला जिभेचे चोचले ठरवलं. मला ते पटलं नाही, कारण त्याच्या शरीरात खरोखरच काहीतरी बदललं होतं.

भुकेची दोन वेगळी खाती असतात. एक रोजचं. जेवणाची वेळ जवळ आली की रिकामं जठर ग्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं, आणि जेवल्यावर ते उतरतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. रोज एक वाजता जेवणाऱ्याचं ग्रेलिन एकच्या आधी वाढायला लागतं, अगदी सवयीने. उलट बाजूला अन्न आतड्यात उतरलं की तिथून पीवायवाय, जीएलपी-१ अशी संप्रेरकं निघतात आणि 'आता पुरे' असा निरोप मेंदूला देतात.

दुसरं खातं साठ्याचं. कणगीत तांदूळ किती उरलाय यावर घरातली बाई रोजचं माप ठरवायची, तसं काहीसं. चरबीच्या पेशी लेप्टिन तयार करतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक शोधलं. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ते वाचतो. पण लेप्टिन कमी झालं की तो जितका घाबरतो, तितका ते वाढल्यावर निवांत होत नाही. म्हणून तर लठ्ठ माणसाला लेप्टिनची इंजेक्शनं देऊन वजन फारसं उतरत नाही. शिवाय कमी खायला लागल्यावर लेप्टिन चरबीच्या मानाने जास्तच घसरतं. कणगी अर्धी असताना मेंदूला ती तळाला गेल्यासारखी वाटते.

मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ लोकांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. वजन सरासरी १३ किलोंच्या पुढे उतरलं. लेप्टिन घटलं, ग्रेलिन वाढलं, पीवायवाय घटलं. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा साडेपाच किलोंच्या आसपास वजन परत आलं होतं, तरी लेप्टिन मूळच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमीच होतं, आणि भूकही सुरुवातीपेक्षा जास्त.

ही वाढलेली भूक मोजायची कशी? माणसाला विचारून भागत नाही. युक्ती मधुमेहाच्या एका गोळीत सापडली. कॅनाग्लिफ्लोझिनमुळे रोज साधारण ९० ग्रॅम साखर, म्हणजे ३६० कॅलरी, लघवीतून निघून जाते. घेणाऱ्याला याची जाणीवही नसते, त्यामुळे 'मी डाएट करतोय' हा विचार मध्ये येत नाही. तरी चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांचं वजन सुमारे चार किलो उतरून थांबलं. वजनाच्या आलेखावरून ते किती खात होते याचा हिशेब मांडला, तो २०१६ साली छापून आला. दर किलो घटीमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढली होती, तर शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनीच कमी होतो. खर्चातली ही काटकसर सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच्या तिपटीहून मोठी ओढ भुकेची आहे, हे मला तरी नवीन होतं.

भावाचा हिशेब करू. सहा किलो गेले, म्हणजे भूक सुमारे ६०० कॅलरींनी वर, अंदाजे तीन वाट्या भाताइतकी. खर्च मात्र दीडशेने खाली. वजन टिकवायला त्याला पूर्वीपेक्षा दीडशे कॅलरी कमी खायला हव्यात आणि शरीर मागतंय सहाशे जास्त. साडेसातशेची ही दरी रोज. हे आकडे सरासरीचे आणि मधुमेहींवरचे आहेत, तेव्हा त्याचं नेमकं माप वेगळं असेल. दिशा मात्र हीच.

जीएलपी-१ सारखी इंजेक्शनं ही ओढ दाबतात, म्हणून तर ती चालतात. त्यातलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं एका चाचणीत दिसलं. औषध गेलं की तीच भूक पुन्हा दारात.

भावाने जेवणाचा क्रम बदललाय. आधी बांगडा आणि कुळथाची पिठी, भात शेवटी. प्रथिनांनी तृप्तीची संप्रेरकं बऱ्यापैकी सुटतात, आणि निरोप पोचायला जरा वेळ लागतो. मासे खाण्यात तेवढा वेळ काट्यांमुळे आपोआप मिळतो. परवा त्याचं वजन ७८ भरलं. मावशी म्हणाली, "बघ, वाढलास." मी म्हटलं, ८२ नाही झाला ना, ते आधी बघ.