जन्मनोंदीत बाळाचे नाव राहून गेले असल्यास निबंधकांना लिहावयाचे पत्र

(इंदूर येथील आमच्या अर्जलेखन कार्यालयाकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते, बाळ इंदूरच्या रुग्णालयात जन्मते आणि घरी बारशाची तयारी सुरू होते, पण नावावर एकमत होण्यापूर्वीच रुग्णालय जन्माची माहिती नगर निगमाकडे पाठवून मोकळे होते. माहिती 21 दिवसांत पोचवणे ही रुग्णालयाची कायदेशीर जबाबदारी असल्याने त्यात गैर काही नाही. मात्र त्यामुळे जन्म प्रमाणपत्रावर आई-वडिलांची नावे, तारीख आणि ठिकाण येते आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा राहतो. पुढे बाळ-बाळंतीण पुण्याला किंवा नाशिकला सासरी जातात आणि हे प्रमाणपत्र पासपोर्टच्या किंवा शाळेच्या वेळीच बाहेर निघते. या पत्रकात आम्ही अशाच कुटुंबांविषयी लिहिले आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत सर्वाधिक घोळ त्यांचाच झालेला दिसतो.

पहिली गोष्ट अशी की, नोंद जन्म जेथे झाला तेथील निबंधकांच्या नोंदवहीत असते. कुटुंब आज कोठे राहते याचा तिच्याशी संबंध नाही. पुण्यातील कार्यालय इंदूरच्या नोंदीत नाव घालू शकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, "तिकडची नोंद अर्धवट आहे, इथे नवी करून घेऊ" या सल्ल्यावर कोणीही जाऊ नये. विलंबित नोंदणी ही वेगळी प्रक्रिया आहे. ती मुळात नोंदच न झालेल्या जन्मासाठी असते आणि जन्माला वर्ष उलटून गेले असेल, तर तिला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. एकाच मुलाच्या दोन शहरांत दोन नोंदी झाल्या की त्यांपैकी एक रद्द करून घेणे हे नाव जोडण्यापेक्षा कितीतरी कठीण काम होऊन बसते.

नाव जोडण्याची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 मध्ये आहे. नावाविना नोंदलेल्या मुलाचे नाव आई-वडिलांनी किंवा पालकाने तोंडी अथवा लेखी कळवावे आणि निबंधकांनी ते नोंदवहीत लिहून त्यापुढे आद्याक्षरी व दिनांक घालावा, असे हे कलम सांगते. यासाठीची साधी मुदत 12 महिन्यांची आहे. ती जन्मतारखेपासून नव्हे, तर नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. त्यानंतर नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते.

एक उदाहरण घेऊ. मुलीचा जन्म 9 फेब्रुवारी 2025 चा आहे आणि प्रमाणपत्रावर पंजीयन दिनांक, म्हणजे नोंदणीची तारीख, 24 फेब्रुवारी 2025 अशी छापली आहे. पहिला वाढदिवस होऊन गेल्यावर आई-वडिलांना वाटते की मुदत संपली. प्रत्यक्षात 12 फेब्रुवारी 2026 रोजी दिलेला अर्ज वर्षाच्या आतलाच ठरतो. त्यामुळे पत्रात दोन्ही तारखा लिहाव्यात, म्हणजे खिडकीवरील लिपिकाला हिशेब करावा लागत नाही.

पत्र इंदूरच्या कार्यालयात हिंदीत द्यावयाचे असल्याने आम्ही ते हिंदीत करून देतो. आपल्याला समजावे म्हणून त्याचा मजकूर येथे मराठीत देत आहोत.

"प्रति,
मा. निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी, नगर पालिक निगम, इंदूर.

विषय: जन्मनोंदीतील रिकाम्या रकान्यात मुलीचे नाव नोंदविण्याबाबत (कलम 14).

महोदय,
आमच्या मुलीचा जन्म दिनांक 9 फेब्रुवारी 2025 रोजी इंदूर येथील ______ रुग्णालयात झाला असून त्याची नोंद पंजीयन क्रमांक ______, दिनांक 24 फेब्रुवारी 2025 अन्वये आपल्या कार्यालयात झालेली आहे. नोंदणीच्या वेळी नाव निश्चित झालेले नसल्याने नावाचा रकाना रिकामा राहिला. आम्ही मुलीचे नाव 'अदिती' असे ठेवले आहे. हिंदी व इंग्रजी अक्षरलेखन सोबतच्या चौकटीत दिल्याप्रमाणे नोंदवावे. नोंदीतील अन्य कोणत्याही मजकुरात बदल करण्याची आमची मागणी नाही. मूळ प्रमाणपत्र व आम्हा दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. नाव नोंदवून सुधारित प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.

आपले,
(आई व वडील, दोघांच्या स्वाक्षऱ्या)"

या मजकुरातील "अन्य कोणत्याही मजकुरात बदल करण्याची मागणी नाही" हे वाक्य आम्ही मुद्दाम घालतो. विषयात "दुरुस्ती" असा शब्द गेला की अर्ज कलम 15 खालचा समजला जाण्याचा संभव असतो. ते कलम चुकीच्या नोंदीसाठी आहे आणि तेथे चूक कशी झाली याचा पुरावा मागितला जातो. आपली नोंद चुकीची नाही, ती अपुरी आहे. आईच्या नावात खरोखरच चूक असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा. दोन्ही मागण्या एका पत्रात घातल्यास नावाचे सोपे कामही दुरुस्तीच्या कागदांसाठी अडून राहते.

रकाना खरोखर रिकामा आहे ना, हेही आधी पाहावे. तेथे "बेबी" किंवा "बेबी ऑफ" आणि आईचे नाव असे काही टंकलेले असेल, तर पत्रात "रकाना रिकामा आहे" असे न लिहिता तेथे जे आहे ते जसेच्या तसे उतरवावे आणि ते ठेवलेले नाव नसल्याचे स्पष्ट करावे.

आता अक्षरलेखनाविषयी, कारण खरी काळजी येथेच घ्यावी लागते. मराठीत आपण "अदिती" लिहितो, हिंदीत "अदिति" लिहितात. प्रीती, श्रुती, स्मृती या नावांचेही तसेच होते. संगणकावर टंकणारी व्यक्ती हिंदी वळणाने ऱ्हस्व करील, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पुढे मूल महाराष्ट्रातील शाळेत गेले की दाखल्यावर दीर्घ येते आणि दोन कागद जुळत नाहीत. म्हणून नाव घरच्यासारखे हवे की हिंदी पद्धतीने, हे आई-वडिलांनी आधी ठरवावे आणि पत्रासोबत वेगळी चौकट आखून त्यात देवनागरी व इंग्रजी अक्षरे सुटी, छापील वळणाने लिहावीत. रकान्यात केवळ नाव हवे की वडिलांचे नाव व आडनावासह पूर्ण नाव, तेही त्याच चौकटीत दिसले पाहिजे. लसीकरणाच्या कार्डावर किंवा आधारवर नाव आधीच गेले असेल, तर शक्यतो तेच अक्षरलेखन कायम ठेवावे. एकदा नोंदलेले नाव पसंत नाही म्हणून बदलणे कलम 14 मध्ये बसत नाही.

पत्र आजी-आजोबांनी नेऊन दिले तरी चालू शकते, मात्र स्वाक्षऱ्या आई-वडिलांच्याच असाव्यात आणि सोबत अधिकारपत्र द्यावे. पत्राची दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शपथपत्र लागेल का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. आम्ही ते आगाऊ करून घेण्याचा आग्रह धरत नाही.

नवे प्रमाणपत्र हाती आल्यावर ते जुन्या प्रमाणपत्राच्या छायाप्रतीशेजारी ठेवून पाहावे. पंजीयन क्रमांक आणि पंजीयन दिनांक पूर्वीचेच असले पाहिजेत, केवळ नावाचा रकाना भरलेला दिसला पाहिजे. क्रमांक वेगळा आढळल्यास नवी नोंद तर झाली नाही ना, हे तेथेच विचारावे. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. 2023 च्या सुधारणेनुसार निबंधकांच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येते, आणि शिक्का मारलेली ती दुसरी प्रत तेव्हा जोडावी लागते.